नोंद चढवण्यापूर्वी
(नव्या कर्मचाऱ्यांसाठीच्या टिपणाची प्रस्तावना)

पुढच्या पानांतले टिपण मुळशी तालुक्यातल्या जमिनीच्या जुन्या कागदांवर काम करायला नव्याने बसणाऱ्यांसाठी आहे. काम थोडक्यात असे. हस्तलिखित सातबाऱ्याचा किंवा फेरफाराचा कागद आधीच स्कॅन झालेला असतो. त्याचे चित्र पडद्यावर उघडायचे, त्यातली नावे आणि आकडे काढायचे, तक्त्यात बसवायचे आणि तो तक्ता मुख्य यादीत चढवायचा. काही कचेऱ्यांत हे आकडे माणूस चित्र पाहून टाइप करतो, तर काही ठिकाणी अक्षर ओळखणारी प्रणाली ते काढते आणि माणूस तपासतो. कचेरी महसुलाची असो, बँकेची असो, वकिलाची असो की खासगी मोजणीदाराची, शेवटची पायरी सगळीकडे सारखीच असते. एकदा चढवलेला आकडा पुढचा माणूस मूळ चित्र न उघडताच वापरतो. म्हणून हे टिपण चढवण्याच्या अलीकडच्या तपासणीपुरतेच लिहिले आहे.

मुळशीचे कागद वाचताना तालुक्याचे दोन भाग डोळ्यांसमोर ठेवावे लागतात. पूर्वेला हिंजवडी, माण, मारुंजी, पिरंगुट ही गावे. इथे एका गटाचे हिस्से पडत गेले, व्यवहार वाढत गेले, आणि एकाच पानावर पाच-सहा फेरफारांचे क्रमांक दाटीवाटीने लिहिलेले दिसतात. पश्चिमेला पौडच्या पुढे ताम्हिणीकडे जाताना भाताची खाचरे आणि वरकस डोंगरउतार लागतात. तिथल्या पानांवर नावे कमी, पण पोटखराब क्षेत्र मोठे, आणि पावसाळी दमटपणामुळे शाई पसरलेली. याच भागात मुळशी धरणासाठी जमिनी गेल्या, ज्यांच्यासाठी १९२१ साली सत्याग्रह उभा राहिला आणि सेनापती बापटांनी तो पुढे नेला. पूर्वेच्या कागदात दाटीमुळे चूक होते आणि पश्चिमेच्या कागदात पुसटपणामुळे. तपासणी दोन्हीकडे तीच, पण नजर कुठे जास्त वेळ थांबवायची ते वेगळे.

चूक झाली तर काय होते, हे आधी नीट समजून घ्यावे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीर नवी नोंद येईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे चुकीचा आकडा एकदा अभिलेखात गेला की तो चुकीचा आहे हे दाखवण्याचा भार शेतकऱ्यावर येतो. राज्याने हा अनुभव घेतलेला आहे. हस्तलिखित सातबारे संगणकावर घेतल्यावर दोन्हींत फरक निघाले. मग हस्तलिखित पानाशी पुन्हा ताळा घेण्याची मोठी मोहीम झाली, आणि २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन करून लोकांसमोर नोंदी वाचून दाखवल्या गेल्या. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. संगणकीकरणातल्या या चुका दुरुस्त करण्यासाठी जे कलम सर्वांत जास्त वापरले गेले ते कलम १५५. लेखनप्रमाद आणि हितसंबंधितांना मान्य असलेल्या चुका दुरुस्त करण्याचा अधिकार ते देते.

या कलम १५५ मधूनच आपल्या कामाचा पहिला नियम निघतो. दुरुस्तीचा अधिकार कायद्याने अधिकाऱ्याला दिला आहे, चित्र वाचणाऱ्याला नाही. चित्रावर जे लिहिले आहे ते आहे तसे तक्त्यात आणणे, एवढेच वाचणाऱ्याचे काम. मूळ पानावरच बेरीज चुकलेली असेल, तर तक्त्यातही ती चुकलेलीच आली पाहिजे आणि तिच्यासमोर शेरा गेला पाहिजे. नवा माणूस इथे चांगल्या हेतूने घसरतो. बेरीज जुळत नाही असे दिसते, एका खातेदाराचा आकडा पुसट असतो, मग उरलेले क्षेत्र त्याच्या नावावर टाकून तो बेरीज जुळवून देतो. अशी जुळवलेली नोंद ही सर्वांत वाईट चूक, कारण पुढच्या कोणत्याही तपासणीत ती सापडत नाही. वाचणे आणि दुरुस्त करणे ही दोन वेगळी कामे आहेत. टिपणातला प्रत्येक टप्पा या भेदावर उभा आहे.

पहिली तपासणी आकड्यांची नसून चित्राची असते. आपण कोणते पान वाचतो आहोत, ते आधी ठरवावे. मुळशीत नांदे आणि चांदे ही शेजारची गावे आहेत, आणि घाईच्या हातात न आणि च यांत फार फरक उरत नाही. माण हे मुळशीतले गाव आहे आणि सातारा जिल्ह्यातला तालुकाही आहे. म्हाळुंगे हिंजवडीजवळ आहे आणि चाकणजवळही. म्हणून गावाचे नाव एकटे कधी वाचू नये. गाव, तालुका आणि जिल्हा तिन्ही शीर्षकात वाचावे, आणि ज्या गठ्ठ्यातून चित्र आले त्या गठ्ठ्याच्या नावाशी ताडून पाहावे. त्यानंतर गट नंबर आहे की सर्व्हे नंबर, ते पाहावे. एकत्रीकरण योजना झालेल्या गावात जुना सर्व्हे नंबर ४५ आणि आजचा गट ४५ या दोन वेगळ्या जमिनी असू शकतात.

मग पानाच्या चारही कडा पाहाव्यात. सातच्या नमुन्यात उजवीकडे इतर अधिकाराचा रकाना असतो. कुळाचे नाव, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, हस्तांतरावरचे निर्बंध, हे सगळे तिथे लिहिलेले असते. स्कॅन करताना पान तिरके बसले किंवा शिवणीत दबले, तर नेमका हाच रकाना कापला जातो. आणि त्यात बेरीज करण्यासारखे काही नसल्यामुळे कोणतेही गणित ही चूक पकडू शकत नाही. डावीकडच्या सगळ्या बेरजा जुळतात आणि जमीन बोजाविरहित म्हणून यादीत जाते. उजव्या कडेची छापील रेघ चित्रात वरपासून खालपर्यंत दिसत नसेल, तर ते पान वाचायला घेऊच नये. पुन्हा स्कॅनसाठी परत पाठवावे. ‘रकाना कोरा आहे’ आणि ‘रकाना दिसत नाही’ या दोन गोष्टी तक्त्यात वेगळ्या खुणांनी लिहाव्यात.

दुसरी तपासणी खुणांची. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यात ज्याचा हक्क संपला त्याचे नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात. नव्या खातेदाराचे नाव खाली येते आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक, पुष्कळदा वर्तुळात, लिहिलेला असतो. कंस म्हणजे त्या नावाखालचे क्षेत्र आता मोजायचे नाही. अक्षर ओळखणाऱ्या प्रणालीला नाव वाचता येते, पण हाताने काढलेला, दोन ओळींभोवती गेलेला मोठा कंस तिच्या दृष्टीने नुसती वाकडी रेघ असते आणि ती गळते. टाइप करणाऱ्याकडूनही तो सुटतो, कारण त्याची नजर नावावर असते. म्हणून नावे वाचण्याआधी फक्त कंस शोधत एकदा पान वरून खाली पाहावे. कंस उघडला आहे तिथे तो कुठे बंद झाला, हे बोट ठेवून ठरवावे. बंद होणारी बाजू दिसली नाही तर शेरा लिहावा, अंदाज करू नये.

तिसरी तपासणी आकड्यांच्या आकारांची. हस्तलिखितात १ आणि ९ यांचा घोटाळा सर्वांत जास्त होतो. इंग्रजी आकड्यांची सवय असलेली प्रणाली तर मराठी १ ला सरळ 9 आणि ४ ला 8 वाचते. अशा वेळी शंका असलेल्या आकड्याकडे एकट्याकडे पाहत बसून उपयोग नाही. त्याच हाताने लिहिलेला निश्चित १ पानावर दुसरीकडे शोधावा. साल लिहिलेले असते, फेरफाराचा क्रमांक असतो, पान क्रमांक असतो. १९५७ सारखे साल सापडले तर त्या हाताचा १ आणि ९ दोन्ही शेजारी मिळतात. त्या जोडीशी शंकेचा आकडा ताडावा. मात्र एका पानावर दोन-तीन तलाठ्यांचे हात असू शकतात. म्हणून साल आणि शंकेचा आकडा एकाच शाईत आणि एकाच वळणात आहेत ना, हे आधी पाहावे.

आकड्याइतकीच त्यांच्यामधली आडवी रेघ महत्त्वाची आहे. हेक्टर-आरच्या रकान्यात १-५ लिहिले असेल तर त्याचा अर्थ १ हेक्टर ५ आर, म्हणजे तक्त्यात १.०५. तो १.५ असा टाकला की १ हेक्टर ५० आर होतो आणि खातेदाराच्या नावावर ४५ आर जास्त चढतात. मेट्रिक मापे येण्यापूर्वीच्या पानांवर हीच रेघ एकर आणि गुंठे यांच्यामध्ये असते. ४-८ म्हणजे ४ एकर ८ गुंठे. एकरात ४० गुंठे असल्यामुळे ते १६८ गुंठे झाले. गुंठ्याला १.०११७ आर धरले तर १६९.९७ आर, म्हणजे जवळपास १ हेक्टर ७० आर. कोणी त्याला ४.०८ एकर समजून रूपांतर केले तर उत्तर १ हेक्टर ६५ आर येते. पाच आरांचा हा फरक पडद्यावर किरकोळ दिसतो, म्हणूनच तो सुटतो. टिपणाचा आग्रह असा की तक्त्यात मूळ माप आणि रूपांतरित माप यांचे दोन स्वतंत्र रकाने असावेत. मूळ रकान्यात पानावर जसे आहे तसे, एककासह. रूपांतर फक्त दुसऱ्या रकान्यात.

आता एक पान सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू. हा उतारा समजावण्यासाठी रचलेला आहे, पण त्यातली प्रत्येक चूक कामात रोज भेटणारी आहे. पश्चिम मुळशीतला एक गट. जुन्या पानावर क्षेत्र ४ एकर ८ गुंठे. नंतरच्या पानावर तरी, म्हणजे भातजमीन, ०.४२, वरकस १.२०, लागवडीयोग्य एकूण १.६२, पोटखराब ०.०८, एकूण क्षेत्र १.७०. आकार ३ रुपये २४ पैसे. नावे चार. थोरल्या भावाकडे ०.८१. धाकट्या भावाकडे ०.८१, पण त्याच्या नावाला कंस. त्याच्या खाली त्याचे दोन मुलगे, एकाकडे ०.४१ आणि दुसऱ्याकडे ०.४०. शेजारी वारसाचा आणि वाटपाचा असे दोन फेरफार क्रमांक. थोरल्या भावाचा आकार १.६२, मुलांचे ०.८२ आणि ०.८०.

चित्रातून काढलेल्या तक्त्यात मात्र असे आले आहे, असे समजू: थोरला भाऊ ०.८९, धाकटा भाऊ ०.८१, पहिला मुलगा ०.४१, दुसरा मुलगा ०.४०. बेरीज २.५१. गटाच्या क्षेत्राशी हिचा काही मेळ नाही, हे कोणालाही दिसेल. तपासणारा चित्र उघडतो, कंस पाहतो आणि धाकट्या भावाचे ०.८१ वगळतो. आता बेरीज १.७० येते. पानावर एकूण क्षेत्रही १.७० आहे. जुन्या पानाच्या ४ एकर ८ गुंठ्यांशीही ते जुळते. तपासणारा समाधानाने नोंद चढवतो, आणि थोरल्या भावाच्या नावावर ८ आर जास्त जातात.

चूक कुठे झाली? बेरीज चुकीच्या ओळीशी ताडली. सध्याच्या नमुन्यात खातेदाराच्या क्षेत्राचा रकाना लागवडीयोग्य क्षेत्राचा असतो आणि पोटखराबाला वेगळा रकाना असतो. या पानावरही खातेदारांचे क्षेत्र पोटखराब वगळून लिहिलेले आहे. म्हणजे बेरीज १.६२ शी जुळायला हवी होती, १.७० शी नव्हे. थोरल्या भावाच्या आकड्यातला १ हा ९ वाचला गेला, ८ आर वाढले, आणि योगायोगाने पोटखराबही ८ आरच असल्यामुळे खोटा मेळ बसला. काही जुन्या पानांवर खातेदारांचे क्षेत्र पोटखराबासह लिहिलेले असते, त्यामुळे १.७० शी जुळणारी बेरीज पाहून माणूस सहज फसतो. म्हणून ताळा घेण्याआधी हे पान कोणत्या पद्धतीने लिहिले आहे, ते ठरवावे आणि तक्त्यावर नोंदवावे. ताळा घेतल्यावर जी पद्धत जुळेल ती खरी, असे मागाहून ठरवू नये.

हा खोटा मेळ पकडायला पानावरच दुसरा साक्षीदार आहे, तो म्हणजे आकार. या गटात १.६२ हेक्टरला ३.२४ रुपये, म्हणजे हेक्टरी २ रुपये आकार बसतो. खातेदारांमध्ये तो साधारणपणे क्षेत्राच्या प्रमाणात वाटलेला असतो. पहिल्या मुलाच्या ०.४१ ला ०.८२, बरोबर. दुसऱ्याच्या ०.४० ला ०.८०, बरोबर. थोरल्या भावाच्या ०.८९ ला १.७८ हवा होता, पण पानावर १.६२ आहे. १.६२ ला २ ने भागून क्षेत्र काढले तर ०.८१ येते. एवढ्यावर तक्ता बदलायचा नाही. चित्र पुन्हा उघडायचे, तो आकडा त्याच हाताच्या दुसऱ्या १ शी ताडायचा, आणि १ असल्याची खात्री झाली तरच ०.८१ लिहायचे. आकाराने फक्त कुठे पाहायचे ते सांगितले, काय लिहायचे ते चित्र सांगते. पैशांच्या पूर्णांकनामुळे आकारात एखाद्या पैशाचा फरक चालतो. आणि गटात तरी व वरकस यांचे दर वेगळे असून वाटणी जमिनीच्या प्रकारानुसार झालेली असेल, तर हे प्रमाण बसणार नाही, हेही लक्षात ठेवावे.

बेरीज न जुळणे वाईट नाही, कारण फरकाचा आकडा बहुधा स्वतःच कारण सांगतो. फरक एखाद्या खातेदाराच्या क्षेत्राइतकाच असेल, तर कंस सुटला आहे किंवा नाव गळले आहे. फरक नेमका पोटखराबाइतका असेल, तर दोन रकान्यांची सरमिसळ झाली असावी. फरक ८ किंवा ८० आर असेल, तर १ आणि ९ पाहावेत. फरकाला ९ ने भाग जात असेल, तर दोन अंक उलटे पडले असावेत, जसे ०.४५ चे ०.५४, किंवा एक अंक एक घर सरकला असावा, जसे १-५ चे १.५. पहिल्यात फरक ९ आर, दुसऱ्यात ४५ आर, दोन्हींना ९ ने भाग जातो. हिशेबनीस हा ताळा फार पूर्वीपासून वापरतात, आणि सातबाऱ्यावर तो तितकाच चालतो. पण एकाच पानावर दोन चुका असतील तर फरक मिसळतो, जसा वरच्या उदाहरणात मिसळला. म्हणून एक चूक सापडली की पान तपासून झाले असे न समजता ताळा पहिल्यापासून पुन्हा घ्यावा.

आता अशी चूक पाहू जी कोणतीही बेरीज पकडत नाही. पहिल्या मुलाचे ०.४१ दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याचे ०.४० पहिल्याकडे गेले, आणि आकाराचे आकडेही तसेच बदलले. ओळ सरकली की असे होते. क्षेत्राची बेरीज जुळते, आकाराचे प्रमाण जुळते, आणि तरीही दोघांच्याही नोंदी चुकलेल्या असतात. इथे सातबाऱ्याबाहेर जावे लागते. नावाशेजारचा फेरफार क्रमांक धरून नमुना सहाचे पान उघडावे. वाटपाच्या फेरफारात कोणाला किती क्षेत्र गेले ते शब्दांत आणि आकड्यांत लिहिलेले असते, आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की रद्द केली, तेही असते. हा शेवटचा शेरा वाचल्याशिवाय फेरफार पुरावा म्हणून धरू नये. सातबाऱ्यावर क्रमांक आला म्हणजे नोंद प्रमाणित झालीच, असे समजून चालत नाही.

फेरफार वाचताना नावांतल्या संक्षेपांकडे लक्ष द्यावे. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. नाव अज्ञानाचे आहे आणि पालनकर्ता त्याच्या वतीने आहे. ही तीन अक्षरे गळली की पालनकर्ताच खातेदार होऊन बसतो. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ती गळली की कुटुंबाची जमीन एकट्याची दिसते. प्रणालीला ही अक्षरे नावाचा भाग वाटतात किंवा निरर्थक ठिपके वाटतात. वरच्या ओळीतलेच पुन्हा, या अर्थाची जोडखूण असेल, तर पूर्ण आडनाव त्या ओळीत लिहावे आणि ते खुणेवरून घेतले आहे, असा शेरा द्यावा. नावाचे शुद्धलेखन मात्र सुधारू नये. पानावर ऱ्हस्व असेल तर तक्त्यातही ऱ्हस्वच.

वाचन बिनचूक झाले तरी तक्त्यात बसवताना नोंद बिघडू शकते. स्प्रेडशीटमध्ये हिस्सा क्रमांक `5/2` लिहिला की तो तारीख होतो. `7/12` ही तसाच. एकदा तारीख झाल्यावर रकान्याचे स्वरूप बदलले तरी मूळ क्रमांक परत येत नाही, भलताच मोठा आकडा येतो. म्हणून गट आणि हिस्सा यांचा रकाना माहिती टाकण्यापूर्वीच मजकुराचा करून घ्यावा. याउलट क्षेत्राचा रकाना आकड्याचाच हवा. मराठी अंक चिकटवले तर बहुतेक वेळा शीट त्यांना मजकूर समजते आणि बेरजेत धरत नाही, पण त्याबद्दल काही सांगत नाही. त्यामुळे प्रत्येक गटाखाली दोन सूत्रे ठेवावीत. D2 ते D4 मध्ये तीन खातेदारांचे क्षेत्र आणि D5 मध्ये पानावरचे लागवडीयोग्य क्षेत्र असेल, तर ती अशी:

```
=COUNT(D2:D4)
=ROUND(SUM(D2:D4)-D5,4)
```

पहिल्याचे उत्तर खातेदारांच्या संख्येइतके, म्हणजे ३, यायला हवे. २ आले तर एक क्षेत्र मजकूर म्हणून पडून आहे. दुसऱ्याचे उत्तर शून्य यायला हवे. पहिले सूत्र आधी पाहावे, कारण ते चुकले असेल तर दुसऱ्याला अर्थ नाही.

यानंतर दुसऱ्या माणसाचे वाचन. क्षेत्र, नाव, कंस आणि इतर अधिकार या चार गोष्टी दुसऱ्याने पहिल्याचा तक्ता न पाहता चित्रावरून काढाव्यात, आणि मग दोन तक्ते शेजारी ठेवून फरक शोधावेत. आधी पहिल्याचे उत्तर पाहून मग चित्र पाहिले की डोळा तेच उत्तर वाचतो. वरच्या उदाहरणातला १ अशाच रीतीने दोघांच्या हातून ९ म्हणून निसटतो. या चार गोष्टींसाठी दहा पानांतले एक पान तपासणे पुरेसे नाही. न तपासलेल्या पानावर ज्याची जमीन आहे, त्याला इतर नऊ पाने बरोबर असल्याचा काही उपयोग नसतो. वेळ कमी असेल तर पाने कमी घ्यावीत, तपासणी कमी करू नये.

या सगळ्यानंतरही काही जागा वाचता येणार नाहीत. त्यासाठी टिपणात तीनच शेरे दिले आहेत. ‘वाचता आले नाही’ म्हणजे शाई किंवा कागद गेला आहे. ‘दिसत नाही’ म्हणजे चित्र कापले गेले आहे आणि पुन्हा स्कॅन हवे. ‘मुळात विसंगत’ म्हणजे वाचन नक्की आहे, पण पानावरचेच आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. या तिन्हींचा पुढचा रस्ता वेगळा आहे. पहिल्यासाठी मूळ दफ्तर, आठ अ किंवा फेरफार पाहावा लागतो. दुसऱ्यासाठी स्कॅन विभाग. तिसरा सक्षम अधिकाऱ्यापुढे जातो, आणि दुरुस्ती झालीच तर त्यांच्या आदेशाने होते. तिन्ही शेऱ्यांच्या नोंदी मुख्य यादीत न चढवता वेगळ्या ठेवायच्या. रकाना कोरा ठेवायचा नाही आणि तिथे शून्यही टाकायचे नाही. शून्य हा आकडा आहे, आणि क्षेत्राच्या रकान्यात त्याचा अर्थ जमीन नाही, असा होतो.

या टिपणाची मर्यादाही सांगायला हवी. इथली कोणतीही तपासणी जमिनीची मालकी ठरवत नाही. चित्र ज्या दिवशीच्या पानाचे आहे त्या दिवसानंतर फेरफार झाले असतील, आणि ते या चित्रात असणार नाहीत. म्हणून तक्त्याच्या प्रत्येक ओळीत पानाची तारीख किंवा पीक वर्ष, शेवटचा दिसणारा फेरफार क्रमांक आणि चित्राच्या फाइलचे नाव हे तीन रकाने आवश्यक धरले आहेत. फाइलचे नाव असले की पुढच्या माणसाला शंका आल्यावर दोन मिनिटांत मूळ चित्र उघडता येते. ते नसेल तर बरोबर असलेली नोंदही कोणाला सिद्ध करता येत नाही.

टिपण याच क्रमाने लावले आहे: चित्र, खुणा, आकडे, ताळा, फेरफार, तक्ता, दुसरे वाचन, शेरे. प्रत्येक भागाच्या शेवटी सरावाची पाने आहेत. त्यांतल्या चुका मुद्दाम ठेवलेल्या आहेत, आणि काही पानांवर एकही चूक नाही. नव्या माणसाने पहिले काही दिवस फक्त ही पाने करावीत आणि प्रत्येक पानावर कोणत्या तपासणीत काय सापडले ते लिहून काढावे. त्यानंतर खरी पाने घ्यावीत. खऱ्या पानांच्या तक्त्यात शेवटचे दोन रकाने वाचणाऱ्याच्या आणि तपासणाऱ्याच्या नावाचे आहेत. त्या दोन्ही रकान्यांत नावे आल्याशिवाय ओळ चढवता येणार नाही. नोंदीबद्दल विचारायला शेतकरी कचेरीत आला, तर चित्र समोर ठेवून त्याला उत्तर देण्याचे काम याच दोघांचे राहील.